उताराच गायब, उरली फक्त शब्दमर्यादा: अशा सारांशाचं करायचं काय

सरावासाठी एखादी जुनी प्रश्नपत्रिका उघडावी आणि त्यात असं दिसावं: "खालील उताऱ्याचा ४० शब्दांत सारांश लिहा व योग्य शीर्षक द्या." आणि "खालील" म्हणून बघायला जावं तर खाली काहीच नाही, पांढरी जागा किंवा तुटक्या चित्राची ती छोटी चौकट. उतारा टाइप केलेला नव्हता, त्याचा फोटो होता आणि तो फोटो कोणीतरी काढून टाकलाय किंवा कॉपी करताना मागे राहिलाय. प्रश्न टिकला, मर्यादा टिकली, उतारा गेला.

आता यात लोक दोनपैकी एक करतात. काही जण सरळ पुढच्या प्रश्नाला जातात. काही जण मात्र आजूबाजूच्या शब्दांवरून विषय ओळखतात आणि मोजून ४० शब्द लिहून मोकळे होतात, आणि त्यांना मनापासून वाटतं की सारांश झाला. माझं म्हणणं, ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट आहे, कारण सारांशाचा सराव झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात झालेला असतो छोट्या निबंधाचा. पण म्हणून तो ४० आकडा अगदीच बिनकामाचा आहे असंही नाही, त्यातून बरंच काही काढता येतं, फक्त काय काढता येतं आणि काय नाही हे नीट कळायला हवं.

आधी आकडा काय सांगतो ते बघू. सारांशलेखनात सगळ्यात रुळलेला नियम म्हणजे मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश. म्हणजे मर्यादा ४० असेल तर उतारा साधारण १२० शब्दांचा असणार, मर्यादा १२० असेल तर साधारण ३६० चा. हा अंदाज आहे हं, काही परीक्षक निम्म्यात मागतात, काही चौथाईत, पण वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तिप्पट धरायला हरकत नाही. गंमत म्हणजे ज्या प्रश्नात आकडा न देता नुसतं "एक तृतीयांश सारांश लिहा" एवढंच असतं, तिथे उतारा गेला की मर्यादाही त्याच्याबरोबर जाते, कशाचा एक तृतीयांश हेच कळत नाही. त्यामानाने आकडा मिळाला तर तुम्ही नशीबवान.

आकड्यामागचा शब्दही बघायचा. "सुमारे ४० शब्दांत" म्हणजे चारदोन शब्द इकडेतिकडे चालतात. "जास्तीत जास्त ४०" म्हणजे ३६ चालतील, ४१ नाही. आणि नुसतं "४० शब्दांत" असेल तर मी तरी ४० च्या वर जात नाही आणि ३७-३८ च्या खालीही येत नाही, कारण फार खाली आलं की एखादा मुद्दा सुटलाय असा संशय घ्यायला जागा होते.

मग वाक्यं. मराठीत साधं, सरळ वाक्य दहा-बारा शब्दांचं होतं. म्हणजे ४० शब्दांत चार वाक्यं बसतात, आणि सारांशात एका वाक्यात एक मुद्दा, फार तर दोन जोडलेले मुद्दे. म्हणजेच उताऱ्यातून तुम्हाला चार, फार फार तर पाच मुद्दे घेता येणार, बाकी सगळं सोडावं लागणार. हे उतारा न बघताही सांगता येतं. १२० च्या मर्यादेत हेच दहा-अकरा वाक्यं होतात. कागदावर एका ओळीत दहा शब्द अशा ओळी आखून ठेवल्या की लिहितानाच मोजणी होत जाते, शेवटी बोटं मोडत बसावं लागत नाही. ४० म्हणजे चार ओळी, झालं.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा, आकडा कुठल्या भाषेतल्या उताऱ्यासाठी होता ते. मराठीत शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला चिकटतं, म्हणून "मोठ्या झाडांखाली" हे दोन शब्द झाले, तेच इंग्रजीत "अंडर द बिग ट्रीज" असे चार होतात. त्यामुळे इंग्रजी उताऱ्यावर मराठीत सारांश मागितला असेल तर तिप्पटचा हिशोब गडबडतो, उतारा ४० च्या तिपटीपेक्षा मोठा असू शकतो. आणि मोजणी म्हणाल तर मधे जागा आली की नवा शब्द, कंप्युटर असंच मोजतो आणि हाताने मोजतानाही तेच धरलेलं बरं.

इथपर्यंत आकड्याचं काम. तो काय सांगत नाही ते आता. विषय सांगत नाही हे तर दिसतंच. पण समजा विषय दुसरीकडून कळला, तरी लेखक त्या विषयाच्या कुठल्या बाजूने बोलतोय ते आकडा सांगत नाही, तो "पण" कुठे म्हणतो ते सांगत नाही आणि शेवटी कुठे आवरतं घेतो तेही नाही. सारांशात परीक्षक शोधतो ते नेमकं हेच.

उदाहरणच घेऊ, म्हणजे बोलायला बरं. समजा तोच ४० शब्दांचा प्रश्न आहे, उतारा नाहीये, पण खाली शब्दांवरचा एक उपप्रश्न शिल्लक आहे: "उताऱ्यातील 'ठिणगी', 'ज्वाळा' आणि 'शेंडा' या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा." ठिणगी, ज्वाळा म्हणजे आग आणि शेंडा म्हणजे झाड. कोणालाही सुचेल की उतारा वणव्यावर असणार. आणि मग हे असं लिहिलं जातं:

"वणव्यांमुळे जंगलांचं प्रचंड नुकसान होतं. झाडं, पशुपक्षी आणि माती यांचा नाश होतो, हवा प्रदूषित होते. बहुतेक वणवे माणसाच्या निष्काळजीपणामुळे लागतात. त्यामुळे प्रत्येकाने जंगलात जाताना काळजी घ्यावी, आग दिसताच ती तातडीने विझवावी आणि निसर्गाचा हा अमूल्य ठेवा पुढच्या सगळ्या पिढ्यांसाठी जपावा."

मोजून बघा, बरोबर ४० शब्द. भाषा स्वच्छ, चुका नाहीत, विषयाचा अंदाजही बरोबर. आता समजा तो हरवलेला उतारा सापडला आणि तो असा निघाला (हा मीच या लेखासाठी लिहिलाय, १२० शब्दांचा):

"जंगलात आग लागली की ती ताबडतोब विझवायची, हा नियम अनेक देशांनी कित्येक वर्षं कटाक्षाने पाळला. हेतू चांगलाच होता. झाडं वाचावीत, प्राणी वाचावेत, लाकडाचं नुकसान टळावं. पण काही प्रकारच्या जंगलांत लहानसहान आगी अधूनमधून लागणं हा निसर्गक्रमच असतो. अशी आग जमिनीलगत सरकते, वाळलेला पाला, काटक्या, खुरटी झुडपं जाळते आणि मोठ्या झाडांच्या जाड सालीला फारसा धक्का न लावता विझते. काही पाइन वृक्षांचे शंकू तर उष्णतेशिवाय सहसा उघडतच नाहीत. प्रत्येक छोटी आग विझवत गेल्यावर मात्र हा पाला वर्षानुवर्षं साठत जातो. मग एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात ठिणगी पडली की ज्वाळा थेट शेंड्यापर्यंत चढतात आणि मोठी झाडंही वाचत नाहीत. म्हणून आता काही ठिकाणी जाणकार योग्य हवामान पाहून मुद्दाम छोटी आग लावतात. अर्थात सदाहरित ओल्या जंगलांना आगीची सवय नसते, त्यामुळे तिथे हा उपाय चालत नाही. आग विझवणंच शहाणपणाचं."

झाली ना पंचाईत. ठिणगी आहे, ज्वाळा आहेत, शेंडाही आहे, आणि लेखक म्हणतोय काय, तर प्रत्येक आग विझवत बसल्यानेच मोठे वणवे पेटतात. आपल्या अंदाजाच्या उत्तरात "आग दिसताच तातडीने विझवावी" असं ठासून लिहिलंय, म्हणजे लेखकाच्या मुख्य मुद्द्याच्या बरोबर उलट. विषय ओळखला, शब्द मोजले, आणि तरी सारांश म्हणून हाती शून्य. शिवाय "बहुतेक वणवे माणसाच्या निष्काळजीपणामुळे" हे उताऱ्यात कुठेच नाही, ते खरं की खोटं हा इथे प्रश्नच नाही, उताऱ्यात नाही म्हणजे सारांशात नाही.

अशी अंदाजपंचे उत्तरं ओळखायची सवय लागली की ती लांबूनच दिसतात. एक तर त्यांत उपदेश असतो, "प्रत्येकाने काळजी घ्यावी", "जपावा" वगैरे. उतारा लिहिणारा क्वचितच असा उपदेश करत बसतो, पण लिहायला मुद्दे कमी पडले की आपला हात आपोआप तिकडे वळतो. दुसरं म्हणजे त्यांत कुठेही वळण नसतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर. खऱ्या उताऱ्यात बहुतेक वेळा एक "पण" किंवा "मात्र" असतो आणि शेवटाकडे एखादी अट किंवा अपवाद असतो, वरच्या उताऱ्यात तो ओल्या जंगलांचा आहे, आणि असा अपवाद कोणाच्याही अंदाजात येत नाही. सगळ्यात पक्की कसोटी म्हणजे सारांशातल्या प्रत्येक वाक्यावर एक बोट ठेवायचं आणि दुसरं बोट उताऱ्यातल्या ज्या वाक्यावरून ते आलं त्यावर. दुसरं बोट ठेवायला जागाच मिळत नसेल तर ते वाक्य तुमचं आहे, लेखकाचं नाही. उतारा समोर नसताना ही कसोटी लावताच येत नाही, आणि म्हणूनच उताऱ्याशिवाय लिहिलेल्याला मी सारांश म्हणायला तयार नाही.

आता खरा सारांश कसा होतो ते याच उताऱ्यावर बघू, कारण ४० आकड्यावरून आपण जे गणित मांडलं होतं ते इथे कामाला येतं. उताऱ्यात अकरा वाक्यं आहेत आणि आपल्याकडे जागा चार वाक्यांची. आधी उतारा दोनदा वाचून झाकायचा आणि लेखकाला काय म्हणायचंय ते एका वाक्यात, उताऱ्याकडे न बघता, लिहायचं. मला सुचलेलं: "प्रत्येक आग विझवली की पाला साठतो आणि मोठे वणवे लागतात." हा कणा. मग बाकीचे मुद्दे याच्याभोवती लावायचे. छोटी आग काय करते, हा आधार, तो हवा. मुद्दाम आग लावतात, हा परिणाम, तोही हवा. ओली जंगलं, हा अपवाद, हवाच. पाइनचे शंकू हे नुसतं उदाहरण आहे, कितीही आवडलं तरी ते जाणार. हेतू चांगला होता हे वाक्यही जाणार, ते काढल्याने लेखकाच्या म्हणण्यात काही फरक पडत नाही. मोठा उतारा असता आणि १२० शब्द हातात असते तर मी ते ठेवलं असतं, इथे जागा नाही.

यावरून पहिला कच्चा मसुदा असा होतो:

"अनेक देशांनी जंगलातली प्रत्येक आग ताबडतोब विझवण्याचा नियम कित्येक वर्षं पाळला. पण काही जंगलांत छोट्या आगी नैसर्गिक असतात. त्या पालापाचोळा आणि झुडपं जाळतात, मोठ्या झाडांना मात्र धक्का लावत नाहीत. आग विझवत राहिल्याने पाला साठतो आणि मग मोठा वणवा पेटून मोठी झाडंही जळतात. म्हणून आता काही ठिकाणी जाणकार योग्य हवामानात मुद्दाम छोटी आग लावतात. ओल्या सदाहरित जंगलांत मात्र हा उपाय चालत नाही."

हे ६१ शब्द झाले. २१ काढायचे आहेत. इथे नवखा माणूस काय करतो तर शेवटून कापतो, म्हणजे ओल्या जंगलांचं वाक्य उडवतो, आठ शब्द एका झटक्यात वाचतात. पण तो अपवाद गेला की लेखक सगळ्याच जंगलांत आग लावायला सांगतोय असा अर्थ होतो, जे तो म्हणतच नाहीये. मुद्दा कापायचा नाही, मुद्द्याभोवतीचे शब्द कापायचे. पहिलं वाक्य अकरा शब्दांचं आहे आणि चौथं वाक्यही त्याच धोरणाबद्दल आहे, तर पहिलं वाक्य अख्खं काढून त्यातलं "प्रत्येक आग विझवण्याच्या धोरणामुळे" एवढंच चौथ्यात घालता येतं. "पालापाचोळा आणि झुडपं जाळतात, मोठ्या झाडांना मात्र धक्का लावत नाहीत" यात दोन क्रियापदं आहेत, "मोठ्या झाडांना न जाळता पालापाचोळा संपवतात" यात एकाच मुख्य क्रियापदावर भागतं. "वणवा पेटून मोठी झाडंही जळतात" याला "विनाशकारी वणवे पेटतात" पुरतं. झालेला सारांश:

"काही जंगलांत छोट्या आगी नैसर्गिक असतात, त्या मोठ्या झाडांना न जाळता पालापाचोळा संपवतात. प्रत्येक आग विझवण्याच्या धोरणामुळे हा पाला साठून विनाशकारी वणवे पेटतात. म्हणून काही ठिकाणी जाणकार योग्य हवामानात मुद्दाम छोटी आग लावतात. ओल्या सदाहरित जंगलांत मात्र आग विझवणंच योग्य."

हेही बरोबर ४० शब्द, चार वाक्यं. शीर्षक "छोटी आग, मोठा बचाव" किंवा असंच काहीतरी, आणि शीर्षकात लेखकाची बाजू दिसली पाहिजे, नुसतं "वणवा" चालणार नाही, कारण ते त्या निबंधालाही तितकंच लागू पडलं असतं. शीर्षकाचे शब्द सहसा मर्यादेत धरत नाहीत, पण सूचना वाचून घ्या.

मग प्रत्यक्षात उतारा नसलेला प्रश्न हाती आला तर काय करायचं? आधी उतारा शोधायचा, आणि हे लोक फार लवकर सोडून देतात. फोटो दिसत नसला तरी त्याच्या जागी फाइलचं नाव किंवा एखादी वर्णनाची ओळ राहिलेली असते, ती बघा. त्याच प्रश्नपत्रिकेची दुसरी प्रत, स्कॅन केलेली, कुठेतरी असू शकते, आणि टाइप केलेल्या प्रतीत जे गळतं ते स्कॅनमध्ये असतंच, कारण तिथे अख्खं पानच फोटो असतं. उत्तरसूची मिळाली तर तिच्यात नमुना सारांश असतो, पण त्यावरून उलटा उतारा रचायचा खटाटोप नको, गळलेलं दोन तृतीयांश परत येत नाही.

खाली उरलेले उपप्रश्नही नीट वाचा, पण सगळे सारखे नसतात. शब्दार्थाचे उपप्रश्न फक्त विषय सांगतात, ते वर बघितलंच. याउलट "लेखकाच्या मते मुद्दाम आग लावण्याचं कारण कोणतं?" असा प्रश्न शिल्लक असता तर लेखकाची बाजू बरीचशी कळली असती. तरीही त्यावर सारांश उभा करायचा नाही, फार तर सापडलेला उतारा तोच आहे की नाही हे ताडून बघायला तो वापरायचा.

आणि नाहीच सापडला तर ४० चा आकडा घ्या, १२० च्या आसपास शब्दांचा दुसरा कुठलाही परिच्छेद निवडा, जरा वाद घालणारा, ज्यात एक तरी "पण" आहे असा, आणि त्यावर लिहा. माहितीपर परिच्छेद घेऊ नका, नुसती माहिती असली की काय सोडायचं ते ठरवायला आधार मिळत नाही. फक्त वहीत त्या जुन्या प्रश्नाचा नंबर टाकून त्याखाली ते उत्तर लिहू नका, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्हालाच वाटेल की हा प्रश्न सोडवून झालाय.

खुद्द परीक्षेत छपाईत उतारा गळलेला निघाला तर गोष्ट वेगळी, तिथे शोधाशोध करायला वेळ नसतो. पर्यवेक्षकांना लगेच सांगायचं, पेपर बदलून मिळेपर्यंत दुसरा प्रश्न घ्यायचा, आणि सारांशासाठी ठेवलेला वेळ तसाच राखून ठेवायचा. तोपर्यंत कच्च्या पानावर दहा-दहा शब्दांच्या चार ओळी आखून ठेवता येतील.